बायव्हेरिएट मॉडेलमध्ये सहसंबंध −1.000 येतो आणि प्रेडिक्शन रीजन सुरकुततो: कारण आणि उपाय

रेडिओलॉजीचे निवासी डॉक्टर निदान चाचण्यांच्या अचूकतेचे पहिले मेटा-अ‍ॅनालिसिस करायला घेतात, तेव्हा ही तक्रार हमखास येते. प्रत्येक अभ्यासाचा दोन-बाय-दोन तक्ता तयार असतो आणि R मध्ये lme4 चा glmer चालवला की समरी पॉइंटही मिळतो, पण खाली `boundary (singular) fit: see help('isSingular')` असा संदेश उमटतो. VarCorr पाहिले तर सेन्सिटिव्हिटी आणि स्पेसिफिसिटी यांचा सहसंबंध नेमका −1.000, क्वचित +1.000 दिसतो. त्यावरून काढलेला प्रेडिक्शन रीजन लंबवर्तुळासारखा गोलसर न येता एका दिशेने चेपल्यासारखा येतो. मग कोणी ऑप्टिमायझर बदलतो, कोणी दुसरे सॉफ्टवेअर उघडतो, तर कोणी आकृती तशीच लेखात घालतो. या तिन्ही मार्गांनी दुखणे जागच्या जागीच राहते.

समजायला सोपे जावे म्हणून एकच उदाहरण शेवटपर्यंत घेऊ. मूत्रवाहिनीतील खड्यासाठी कमी मात्रेचे, कॉन्ट्रास्ट न देता केलेले सीटी किती अचूक आहे, हा प्रश्न आहे. संदर्भ चाचणी म्हणजे नेहमीच्या मात्रेचे सीटी आणि त्यानंतरचा रुग्णाचा पाठपुरावा. खालचे सहा अभ्यास प्रत्यक्षातले नाहीत, ते सरावासाठी रचलेले आहेत. मात्र या विषयात प्रत्यक्षात जे दिसते तेच त्यांत मुद्दाम ठेवले आहे: अभ्यास थोडे, रुग्ण बेताचे आणि खोटे पॉझिटिव्ह जवळजवळ नाहीतच.

```r
d <- data.frame(study = 1:6,
  TP = c(48,50,34,88,24,66), FN = c(2,10,1,2,6,9),
  FP = c(0,1,0,2,0,1),       TN = c(30,39,15,58,20,44))

L <- rbind(
  data.frame(study=d$study, sens=1, spec=0, right=d$TP, wrong=d$FN),
  data.frame(study=d$study, sens=0, spec=1, right=d$TN, wrong=d$FP))

library(lme4)
m1 <- glmer(cbind(right, wrong) ~ 0 + sens + spec +
            (0 + sens + spec | study), data=L, family=binomial)
```

इथे sens आणि spec हे स्तंभ शून्य-एक अशा अंकांतच असले पाहिजेत. ते फॅक्टर करून ठेवले, तर पुढे सहसंबंध वगळण्याची जी पायरी येते ती चुकीचे मॉडेल बसवते.

आधी तक्ते तपासा

मॉडेलला हात लावण्यापूर्वी, तक्त्यात मोजलेले एकक कोणते आहे ते पाहावे. खड्यांच्या अभ्यासांत ही चूक सर्रास होते. समजा, एका लेखात साठ रुग्णांत शहाण्णव खडे सापडले आणि कमी मात्रेच्या सीटीने त्यांपैकी नव्वद दाखवले. हे नव्वद ‘खरे पॉझिटिव्ह’च्या घरात टाकण्याचा मोह होतो. पण ‘खरे निगेटिव्ह’च्या घरात खडा मोजता येत नाही, कारण जो खडा नाहीच त्याची गणती कशी करणार? तिथे रुग्ण किंवा मूत्रवाहिनीच मोजावी लागते. मग एकाच तक्त्याच्या डाव्या स्तंभात खडे आणि उजव्या स्तंभात रुग्ण अशी सरमिसळ होते. ती पकडायची खूण साधी आहे. चारही घरांची बेरीज करावी आणि अभ्यासात भरती झालेल्या रुग्णांच्या संख्येशी ताडून पाहावी. बेरीज जास्त भरली, तर तो तक्ता रुग्णनिहाय नाही. लेखात रुग्णनिहाय आकडे नसतील तर लेखकांकडे मागावेत, आणि न मिळाल्यास तो अभ्यास या विश्लेषणातून बाजूला ठेवावा. एका रुग्णाचे तीन खडे म्हणजे तीन स्वतंत्र निरीक्षणे नव्हेत. तसे मानले तर त्या अभ्यासाची सेन्सिटिव्हिटी आहे त्यापेक्षा पक्की वाटते आणि त्याला अवाजवी वजन मिळते.

आपल्या सहा तक्त्यांत ही गडबड नाही, असे धरून पुढे जाऊ.

मग −१ येतो कुठून?

बायव्हेरिएट मॉडेल दोन पातळ्यांवर चालते. खालच्या पातळीवर प्रत्येक अभ्यासातील बरोबर ओळखलेल्यांची संख्या द्विपद वितरणातून येते. दहा रुग्णांत एक चुकणे आणि शंभरांत दहा चुकणे यांतला फरक मॉडेलला कळतो तो इथेच. वरच्या पातळीवर प्रत्येक अभ्यासाची खरी सेन्सिटिव्हिटी आणि खरी स्पेसिफिसिटी लॉजिट मोजपट्टीवर एका संयुक्त सामान्य वितरणातून आलेली मानतात. त्या वितरणाचे पाच आकडे असतात: दोन सरासऱ्या, दोन व्हेरिअन्स आणि एक सहसंबंध. दोन्ही सरासऱ्या लॉजिटमधून पुन्हा टक्क्यांत आणल्या की समरी पॉइंट मिळतो. उरलेले तीन आकडे, अभ्यास एकमेकांपासून किती आणि कोणत्या दिशेने विखुरले आहेत, ते सांगतात.

आता स्पेसिफिसिटीकडे पाहा. सहा अभ्यासांत खडा नसलेले एकूण २१० रुग्ण आहेत आणि खोटे पॉझिटिव्ह फक्त चार, म्हणजे १.९ टक्के. समजा, सहाही ठिकाणी खरा दर अगदी हाच आहे. तर साठ रुग्णांच्या चौथ्या अभ्यासात साधारण १.१ आणि पंधरा रुग्णांच्या तिसऱ्या अभ्यासात ०.३ खोटे पॉझिटिव्ह अपेक्षित आहेत. प्रत्यक्षात अनुक्रमे दोन आणि शून्य दिसले. इतर चार अभ्यासांतही अपेक्षेत आणि निरीक्षणात एकाहून कमी अंतर आहे. याचा अर्थ असा की, दिसतो तो सगळा विखुरलेपणा निव्वळ योगायोगाने समजावता येतो आणि ‘अभ्यासागणिक खरी स्पेसिफिसिटी वेगळी आहे’ असे म्हणायला या आकड्यांत कोणताही आधार उरत नाही. तिचा व्हेरिअन्स शून्यापाशीच येणार.

सेन्सिटिव्हिटीची गोष्ट वेगळी आहे. पाचव्या अभ्यासात ती ८० टक्के आहे, तर चौथ्यात ९७.८ टक्के. एकूण ३४० खडेधारक रुग्णांत ३० निसटले, पण त्यांपैकी १९ केवळ दुसऱ्या आणि सहाव्या अभ्यासात निसटले. हा विखुरलेपणा योगायोगापेक्षा स्पष्टपणे मोठा आहे, आणि त्याची कारणे रेडिओलॉजिस्टला नवी नाहीत: मात्रा उतरवली की तीन मिलिमीटरपेक्षा लहान खडे आणि स्थूल रुग्णांतले खडे आधी निसटतात. कोणत्या अभ्यासात असे रुग्ण किती होते, यावर सेन्सिटिव्हिटी हलते.

सहसंबंध म्हणजे सहप्रचरणाला दोन्ही प्रमाण विचलनांच्या गुणाकाराने भागणे. एक प्रमाण विचलन शून्याजवळ गेले की भागाकाराला अर्थ राहत नाही. पण संगणकाला आकडा तर द्यायचाच असतो. सेन्सिटिव्हिटीच्या चढउताराला स्पेसिफिसिटीचा अगदी किंचित चढउतार जोडून लाइकलिहुड केसभर वाढते का, हे तो पाहतो. ते जवळजवळ नेहमीच कोणत्या ना कोणत्या दिशेने वाढते. स्पेसिफिसिटीला स्वतःचा असा वेगळा विखुरलेपणा नसल्यामुळे, जो काही जोडला जातो तो सगळा सेन्सिटिव्हिटीशीच बांधलेला असतो, आणि म्हणून सहसंबंध थेट काठावर, −१ किंवा +१ वर जाऊन बसतो.

चिन्ह कोणते येणार, हे किती क्षुल्लक गोष्टीवर ठरते ते पाहण्यासारखे आहे. आपल्या आकड्यांत चौथ्या अभ्यासाची सेन्सिटिव्हिटी सर्वांत वरची आणि खोटे पॉझिटिव्हही सर्वाधिक, म्हणून सहसंबंध ऋण येतो. आता चौथ्या अभ्यासातील एकच खोटा पॉझिटिव्ह रुग्ण पाचव्या अभ्यासात हलवा, म्हणजे FP चा स्तंभ ०, १, ०, १, १, १ असा होईल, आणि TN त्यानुसार ५९ आणि १९ करा. एकूण बेरीज तीच, १.९ टक्केही तेच, पण सहसंबंध −१ वरून उडी मारून +१ च्या बाजूला जातो. एका रुग्णाच्या जागेवर चिन्ह पालटत असेल, तर त्या चिन्हावरून ‘थ्रेशोल्डचा परिणाम दिसतो’ असे चर्चेच्या परिच्छेदात लिहिणे म्हणजे हवेत इमले बांधणे होय.

इथेच एक उपसूचना. mada या पॅकेजचे reitsma हे फंक्शन स्पेसिफिसिटीऐवजी खोट्या पॉझिटिव्हचा दर वापरते, त्यामुळे त्याच माहितीवर त्याचा सहसंबंध उलट्या चिन्हाचा दिसतो. Stata मधील metandi सेन्सिटिव्हिटी आणि स्पेसिफिसिटी यांचाच सहसंबंध देते. दोन सॉफ्टवेअरची उत्तरे ‘विरोधी’ आली म्हणून घाबरण्यापूर्वी एवढे पाहून घ्यावे.

ऑप्टिमायझर बदलून काय होते

`glmerControl(optimizer = "bobyqa")` हा उपाय ऐकीव माहितीवर सगळेच करून पाहतात. `Model failed to converge` असा इशारा येत असेल तर त्याचा उपयोग आहे, कारण त्या इशाऱ्याचा अर्थ उत्तर कदाचित अजून सापडलेले नाही. सिंग्युलर फिटचा अर्थ नेमका उलट आहे: उत्तर सापडले आहे, फक्त ते शक्यतांच्या क्षेत्राच्या कडेला आहे. चांगला ऑप्टिमायझर त्याच कडेला अधिक नेमकेपणाने पोहोचवतो. nAGQ वाढवायचा विचारही सोडावा. अशा दोन परिमाणांच्या रँडम इफेक्टसाठी lme4 मध्ये लाप्लास पद्धतच, म्हणजे nAGQ = 1 च, चालते.

मॉडेल टप्प्याटप्प्याने साधे करा

उपाय असा की, माहिती जेवढे सांगू शकते तेवढेच मॉडेलला विचारावे. प्रथम सहसंबंध वगळावा, आणि तरीही एखादा व्हेरिअन्स शून्यच येत असेल तर तोही वगळावा.

```r
m2 <- glmer(cbind(right, wrong) ~ 0 + sens + spec +
            (0 + sens | study) + (0 + spec | study),
            data=L, family=binomial)
m3 <- glmer(cbind(right, wrong) ~ 0 + sens + spec +
            (0 + sens | study), data=L, family=binomial)
c(logLik(m1), logLik(m2), logLik(m3))
```

m2 मध्येही सिंग्युलर संदेश येईल, कारण spec चा व्हेरिअन्स शून्य आहे. त्याने गोंधळून जाऊ नये; m3 कडे जाण्याचा तोच निर्देश आहे. तिन्ही मॉडेलांचे लॉग-लाइकलिहुड एकमेकांच्या अगदी जवळ, पहिल्या दशांश स्थानाच्या आसपासच हलतात. m1 मधील जादा दोन आकड्यांनी माहितीबद्दल काही सांगितले नाही, याचा हा पुरावा. मात्र इथे नेहमीच्या काय-वर्ग तक्त्यातील p-मूल्य लावू नये. व्हेरिअन्स शून्याच्या खाली जाऊ शकत नाही, त्यामुळे ती कसोटी इथे नीट बसत नाही. फरक पाहून निर्णय घेणे पुरेसे आहे.

m3 मध्ये स्पेसिफिसिटीचा अंदाज हाताने पडताळता येतो, आणि तो जरूर पडताळावा. व्हेरिअन्स शून्य म्हणजे सगळे अभ्यास एकत्र ओतलेले: २१० पैकी २०६, म्हणजे ९८.१ टक्के. लॉजिट म्हणजे २०६ भागिले ४ चा नैसर्गिक लॉग, ३.९४. प्रमाण त्रुटी म्हणजे एक-चतुर्थांश आणि एक-दोनशेसहांश यांच्या बेरजेचे वर्गमूळ, सुमारे ०.५०. त्यावरून ९५ टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल ९५.० ते ९९.३ टक्के येतो. सॉफ्टवेअरचे उत्तर याहून वेगळे आले, तर तक्ता भरतानाच काही चुकले आहे. सेन्सिटिव्हिटी मात्र अशी ओतून काढता येत नाही. ओतलेला आकडा ३४० पैकी ३१०, म्हणजे ९१.२ टक्के आहे. मॉडेलचा अंदाज त्याच परिसरात येतो, पण त्याचा इंटरव्हल साध्या द्विपद सूत्राच्या इंटरव्हलपेक्षा रुंद असतो आणि असायलाच हवा, कारण अभ्यासांमधला खरा विखुरलेपणा त्यात धरलेला आहे.

m1 आणि m3 यांचे समरी पॉइंट शेजारी ठेवून पाहिले, तर ते जवळजवळ एकच असतात. म्हणूनच ‘मॉडेल बिघडले, आता सगळे आकडे टाकून द्यायचे’ असे नाही. काठावरच्या सहसंबंधाने बिघडतो तो प्रेडिक्शन रीजन आणि समरी आरओसी वक्र. वक्राचा आकार दोन व्हेरिअन्सच्या गुणोत्तरावर ठरतो, आणि त्यातला एक नाममात्र असल्यामुळे इथे वक्र काढूच नये. समरी पॉइंट आणि दोन स्वतंत्र इंटरव्हल एवढेच दाखवावे, आणि प्रत्येक अभ्यास आरओसी पटलावर स्वतंत्र बिंदू म्हणून ठेवावा. पुढच्या अभ्यासात सेन्सिटिव्हिटी किती येऊ शकेल हे सांगायचे असेल, तर ते फक्त सेन्सिटिव्हिटीच्या व्हेरिअन्सवरून, एका अक्षावर सांगता येते.

शून्यावर अर्धा मिळवण्याचा फटका

सिंग्युलर संदेश नको म्हणून जे mada कडे वळतात, त्यांना तिथे संदेश दिसत नाही, पण दुसरीच किंमत मोजावी लागते. हे पॅकेज द्विपद वितरण थेट वापरत नाही, तर प्रत्येक अभ्यासाच्या लॉजिटला सामान्य वितरण मानते. शून्याचा लॉजिट काढता येत नाही, म्हणून एखादे घर शून्य असेल तर मूळ सेटिंगनुसार, म्हणजे `correction.control = "all"` असल्याने, ते सगळ्या अभ्यासांच्या सगळ्या घरांत ०.५ मिळवते.

आपल्या उदाहरणात याचा परिणाम मोजून पाहू. तिसऱ्या अभ्यासाची स्पेसिफिसिटी १५ पैकी १५ होती, ती १६ पैकी १५.५ म्हणजे ९६.९ टक्के होते. ज्या चौथ्या अभ्यासात शून्य नव्हतेच, तिथेही ६० पैकी ५८ चे ६१ पैकी ५८.५ होतात आणि ९६.७ चे ९५.९ उरतात. सहाही अभ्यास असे खाली ओढले जातात. वर, अर्धा मिळवूनही ज्यांचे खोटे पॉझिटिव्ह सर्वांत जास्त, त्या चौथ्या अभ्यासाला सर्वाधिक वजन मिळते. या दुरुस्त लॉजिटांची वजनी सरासरी हाताने काढली, तर स्पेसिफिसिटी ९६.६ टक्क्यांच्या आसपास येते. ९८.१ आणि ९६.६ यांत फरक दीड टक्क्याचाच वाटतो, पण उलट बाजूने पाहा: खोट्या पॉझिटिव्हचा दर १.९ वरून ३.४ टक्के, म्हणजे जवळजवळ दुप्पट. खडा नसलेल्या हजार रुग्णांमागे खोटे निदान झालेले १९ रुग्ण ३४ होतात, आणि ते पंधरा जादा रुग्ण माहितीतून नव्हे तर दुरुस्तीतून जन्माला आलेले असतात. ज्या चाचणीची स्पेसिफिसिटी शंभराच्या जवळ आहे तिच्यासाठी द्विपद मॉडेलच वापरावे. त्याला शून्य चालते.

साधे करणे केव्हा चुकीचे ठरते

सहसंबंध −१ आला म्हणून तो डोळे झाकून वगळता येत नाही. आधी दोन्ही व्हेरिअन्स पाहावेत. एक व्हेरिअन्स शून्याजवळ असेल, तर वर सांगितलेला मार्ग योग्य. पण दोन्ही चांगले मोठे असून सहसंबंध −१ कडे जात असेल, तर गोष्ट निराळी आहे. प्रोस्टेटच्या एमआरआयचे अभ्यास घ्या. काहींनी PI-RADS ३ आणि त्यावरील पॉझिटिव्ह धरले, काहींनी ४ आणि त्यावरील. पहिल्यांची सेन्सिटिव्हिटी वर आणि स्पेसिफिसिटी खाली, दुसऱ्यांचे उलट. इथला सहसंबंध खराखुरा आहे, कारण तो दोन थ्रेशोल्ड एकत्र कालवल्यामुळे आला आहे. तो वगळला तर समरी पॉइंटचे कॉन्फिडन्स रीजनही चुकते, आणि न वगळता काढलेला समरी पॉइंट ३ चाही नसतो आणि ४ चाही नसतो. अशा वेळी प्रत्येक थ्रेशोल्डचे अभ्यास वेगळे करून दोन समरी पॉइंट काढावेत, किंवा समरी पॉइंट न देता वक्र द्यावा. खड्यांच्या उदाहरणातही, काही अभ्यासांनी तीन मिलिमीटरखालचे खडे निगेटिव्ह धरले असतील आणि काहींनी धरले नसतील, तर ती विभागणी आधी करावी लागते.

अभ्यासांची संख्या हाही एक अडसर आहे. metandi चार अभ्यासांखाली चालतच नाही. पाच-सहा अभ्यासांत ते चालते, पण पाच आकडे अंदाजायला तेवढी माहिती क्वचितच पुरते. त्यात सेन्सिटिव्हिटीच्या विखुरलेपणाचे कारण शोधण्यासाठी शरीरभार निर्देशांक किंवा मात्रा मॉडेलमध्ये घालण्याचा आग्रह मार्गदर्शकांकडून झाला, तर सहा अभ्यासांवर ते करू नये. त्यापेक्षा प्रत्येक अभ्यासाची मात्रा, खड्यांचा आकार आणि रुग्णांची ठेवण यांचा तक्ता समरी पॉइंटशेजारी ठेवला, तर वाचकाला कारण अधिक स्पष्ट दिसते.

लेखात काय लिहावे

परीक्षक ‘बायव्हेरिएट मॉडेल का वापरले नाही’ असे विचारतात, तेव्हा उत्तर पद्धतीच्या विभागातच असले पाहिजे. आपल्या उदाहरणासाठी ते असे लिहिता येईल: ‘द्विपद बायव्हेरिएट रँडम-इफेक्ट मॉडेल प्रथम बसवले. स्पेसिफिसिटीचा अभ्यासांमधील व्हेरिअन्स शून्याजवळ आला आणि सहसंबंध −१ च्या सीमेवर गेला. म्हणून सहसंबंध आणि स्पेसिफिसिटीचा रँडम इफेक्ट वगळलेले मॉडेल अंतिम मानले. दोन्ही मॉडेलांचे समरी पॉइंट पुरवणीत दिले आहेत.’ m3 हे m1 चेच संकुचित रूप आहे, त्यामुळे पद्धत बदलली असे होत नाही. पुरवणीत m1 चे संपूर्ण आउटपुट, सिंग्युलर संदेशासह, जोडावे.

पुढे शोध अद्ययावत करताना नवा अभ्यास मिळाला, तर पुन्हा m1 पासूनच सुरुवात करावी. नव्या अभ्यासात खोटे पॉझिटिव्ह अधिक असतील, तर स्पेसिफिसिटीचा व्हेरिअन्स शून्यातून वर येऊ शकतो, आणि तेव्हा जुन्या निर्णयाला चिकटून m3 वापरणे योग्य नाही.